साठ जागा, त्यातली तिची एक

सांगलीत विश्रामबागला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. आसपास अभ्यासिका भरपूर, त्यामुळे भरती निघाली की रात्री अकरापर्यंत शटर ओढता येत नाही. हे प्रकरण जत तालुक्यातल्या एका मुलीचं. माझ्या बायकोच्या गावची, नात्यानं मेहुणी लागते, म्हणून मला दाजी म्हणते. बी.ए. झालेली, दोन वर्षं इथं खोली करून पोलीस भरतीची तयारी करत होती. तिच्या परवानगीनं लिहितोय. घटकांची, म्हणजे ज्या पोलीस दलांत भरती होती त्यांची, नावं मुद्दाम देत नाही. जाहिरात वाचायची कशी हे त्या एका फॉर्मवर मला जेवढं नीट दाखवता येईल तेवढं दुसऱ्या कशावर येणार नाही.

मार्चचा पहिला आठवडा होता. ती मोबाइल पुढं करत आली. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं रंगीत कार्ड होतं. मोठ्या अक्षरांत घटकाचं नाव, खाली ‘एकूण पदे 60’, ‘शिक्षण 12 वी पास’, ‘वय 18 ते 33’, ‘अंतिम दिनांक 31 मार्च’.

“दाजी, ह्यात साठ जागा हायत. पलीकडच्या घटकात अडतीसच. साठवाला भरून टाका.”

पोलीस शिपाई भरतीत एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. शिपाई पदाला एका जिल्ह्यात आणि चालक पदाला दुसऱ्या जिल्ह्यात अर्ज केला तर चालतं, कारण पदं वेगळी आहेत. पण शिपाई पदालाच दोन घटकांत भरला, तर उमेदवारी धोक्यात येते. म्हणजे घटक निवडणं हाच या फॉर्मातला खरा निर्णय, आणि तो ती कार्डावरच्या एका आकड्यावरून घेत होती. मी तिला मूळ जाहिरात उघडायला लावली. दोन्ही घटकांच्या पीडीएफ घेतल्या आणि दोन्हींतलं रिक्त पदांचं पान तेवढं झेरॉक्स करून टेबलावर ठेवलं.

जाहिरात पहिल्या पानापासून वाचायला घेतली की तिसऱ्या पानावर झोप येते. माझी सवय अशी की आधी तारखा आणि वय बघायचं, मग तक्ता, मग परीक्षेचे टप्पे. वय आधी अशासाठी, की तक्त्यातल्या कुठल्या रकान्यांकडे बघायचं हेच वयावरून ठरतं. हिच्या बाबतीत सगळा खेळ तिथंच होता.

जाहिरातीत लिहिलं होतं: वय 18 वर्षांपेक्षा कमी नसावे, खुल्या प्रवर्गासाठी 28 वर्षांपेक्षा जास्त नसावे, मागासवर्गीयांसाठी 33 वर्षांपेक्षा जास्त नसावे. वय मोजायचा दिनांक 31 मार्च. तिचा जन्म 14 ऑगस्टचा. मागच्या ऑगस्टला 28 पूर्ण झालेली.

“म्हणजे मी अजून अठ्ठावीसचीच की,” ती म्हणाली.

घरात, लग्नाच्या बैठकीत, बायोडाटात ती अठ्ठावीसचीच. जाहिरातीत नाही. ‘28 वर्षांपेक्षा जास्त नसावे’ म्हणजे त्या ठरलेल्या दिवशी 28 वर्षं पूर्ण होऊन वर एक दिवससुद्धा गेलेला नसावा. ज्याचा अठ्ठाविसावा वाढदिवस नेमका त्याच तारखेला येतो तो बसतो, ज्याचा आदल्या दिवशी झाला तो बसत नाही. मी तिला कागदावर मांडून दाखवलं: 14 ऑगस्ट ते 14 मार्च सात महिने, पुढे 31 मार्चपर्यंत सतरा दिवस. वय 28 वर्षं 7 महिने 17 दिवस. वर्षाच्या आकड्यापुढे महिने किंवा दिवस उरले की मर्यादा ओलांडली. दर भरतीला दहा-बारा पोरं या वाक्यावर माझ्याशी वाद घालतात.

ती धनगर समाजातली, प्रवर्ग भज-क, म्हणजे भटक्या जमाती क. त्यामुळे 33 ची मर्यादा तिला लागू होती आणि ती पात्र होती. पण पात्र होती ती वयाची सवलत घेऊन. त्या सवलतीला पुढं एक शेपूट होतं. जाहिरातीच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये, सातव्या की आठव्या पानावर, एका परिच्छेदाच्या मधोमध लिहिलं होतं की मागासवर्गीय उमेदवारानं वयाची सवलत घेतली असेल तर अराखीव, म्हणजे खुल्या, पदासाठी त्याचा विचार होणार नाही.

हे वाक्य कार्डावर कधीच नसतं, आणि मूळ जाहिरातीतही ते तक्त्याशेजारी नसतं. एरवी मागास प्रवर्गातला उमेदवार गुणांवर खुल्या जागेत जाऊ शकतो. महिलांसाठी राखीव असलेल्या खुल्या जागांवरही मागासवर्गीय मुलींचा गुणवत्तेनुसार विचार व्हायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं सौरव यादव प्रकरणात 2020 मध्ये स्पष्ट केलं. पण सवलत घेतली की काय होतं याची अट भरतीगणिक वेगळी लिहिलेली असते. कुठं फक्त वयाचा उल्लेख असतो, कुठं परीक्षा शुल्काच्या सवलतीचाही. म्हणून पीडीएफमध्ये ‘सवलत’ आणि ‘शिथिल’ हे दोन शब्द शोधायचे आणि जिथं जिथं सापडतील ती वाक्यं पूर्ण वाचायची. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाहीत, तिथं बोट ठेवून वाचायला पर्याय नाही.

आता तक्ता. दोन्ही झेरॉक्स शेजारी ठेवल्या. आडव्या ओळीत प्रवर्ग असतात: अजा, अज, विजा-अ, भज-ब, भज-क, भज-ड, विमाप्र, इमाव, साशैमाव, आदुघ आणि अराखीव. उभ्या रकान्यांत सर्वसाधारण, महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक, अंशकालीन पदवीधर, पोलीस पाल्य, गृहरक्षक दल. प्रवर्ग हे सामाजिक आरक्षण, रकाने हे समांतर आरक्षण. समांतर जागा प्रवर्गाच्या पोटातल्याच असतात. अराखीव 17 आणि त्यात महिला 5 असं दिसलं तर एकूण 22 होत नाहीत, सतरामधल्याच पाच जागा महिलांच्या असतात. तिनं पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळ्या उभ्या रकान्यांची बेरीज करून वर प्रवर्गाचे एकूणही मिळवले होते आणि ‘दाजी, ह्यात तर साठपेक्षा जास्त येतंय’ म्हणून खूश झाली होती.

साठ जागांच्या घटकात अराखीव 17, त्यात महिला 5. भज-क च्या ओळीत एकूण 1. ती एक सर्वसाधारण रकान्यात, महिलांच्या रकान्यात शून्य. दुसऱ्या घटकात एकूण 38, अराखीव 9, त्यात महिला 3. भज-क च्या ओळीत एकूण 5: सर्वसाधारण 2, महिला 2, माजी सैनिक 1, बाकी शून्य.

ती बराच वेळ त्या शून्याकडे बघत होती. “पण महिलांना तीस टक्के असतंय ना?”

असतं, पण ते प्रत्येक प्रवर्गाच्या आत मोजतात. एका जागेचे तीस टक्के म्हणजे 0.3, त्याला पूर्ण जागा होत नाही. पाच जागांचे तीस टक्के 1.5, त्याच्या दोन झाल्या. माजी सैनिकांचे पंधरा टक्के पाचावर 0.75, म्हणून तिथं एक दिसत होती. जाहिरात छोटी असली की असे शून्य भराभर दिसतात. अन्याय झाला असं वाटतं, पण तो नुसता भागाकार असतो.

तिचा पुढचा प्रश्न जास्त चांगला होता. भज-क ला साडेतीन टक्के आरक्षण, मग साठात दोन यायला हव्यात, एक कशी? आणि अडतिसात जेमतेम एक यायला हवी, तिथं पाच कशा? याचं कारण असं, की टक्केवारी या जाहिरातीतल्या जागांवर लागत नाही, त्या घटकातल्या त्या संवर्गाच्या मंजूर पदांवर लागते. हिशेब बिंदुनामावलीत, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं याच्या नोंदवहीत, ठेवला जातो. पूर्वीच्या भरतीत त्या प्रवर्गाची माणसं पुरेशी भरलेली असतील तर या वेळी जागा कमी निघतात, अनुशेष राहिला असेल तर एकदम जास्त. म्हणून टक्केवारीवरून घरी बसून गणित करण्यात अर्थ नाही. छापलेला आकडा बघायचा.

मग मी पेन घेऊन दोन्ही कागदांवर तिच्यासाठी बंद असलेले चौकोन खोडले. वय 28 च्या पुढं, म्हणून अराखीवची अख्खी ओळ गेली. इतर प्रवर्गांच्या ओळी तिच्या नव्हत्याच. घरात कोणी माजी सैनिक नाही, जमीन कुठल्या प्रकल्पात गेलेली नाही, खेळाचं राज्य पातळीवरचं प्रमाणपत्र नाही, तेही रकाने गेले. साठच्या कागदावर उरला एक चौकोन, ज्यात एक जागा होती आणि ती भज-क मधल्या सगळ्या मुलगे-मुलींना मिळून होती. अडतीसच्या कागदावर उरले दोन चौकोन: महिला 2 आणि सर्वसाधारण 2. शिवाय माजी सैनिक पात्र मिळाला नाही तर ती जागा त्याच प्रवर्गातल्या दुसऱ्या उमेदवाराकडे यायची शक्यता.

ती 27 वर्षांची असती तर माझा सल्ला वेगळा असता. साठच्या घटकात अराखीव महिलांच्या पाच जागा तिला खुल्या राहिल्या असत्या आणि मैदानावर तिची तयारी बघता मी कदाचित तिकडेच भर म्हटलं असतं. जाहिरात तीच, तक्ता तोच, फक्त साडेसात महिन्यांच्या फरकानं उत्तर उलटं झालं.

तरी एक गोष्ट मी तिला तेव्हाच सांगितली. जागा जास्त म्हणजे संधी जास्त असं सरळ नसतं, कारण तोच तक्ता जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटावच्या इतर पोरीही बघत असतात. पाच जागा दिसल्या की भज-क चे अर्ज तिकडे वळणार. अर्ज किती आले ते फॉर्म भरताना कोणालाच दिसत नाही. तक्ता एवढंच सांगतो की कुठं दार आहे आणि कुठं भिंत.

परीक्षेच्या टप्प्यांवर आलो तेव्हा हा तक्ता पुन्हा उपयोगी पडला. पोलीस शिपाई भरतीत आधी शारीरिक चाचणी 50 गुणांची. महिलांना 800 मीटर धावणे 20 गुण, 100 मीटर 15, गोळाफेक 15. त्यात किमान 50 टक्के लागतात. मग लेखी 100 गुणांची, 90 मिनिटं, त्यात किमान 40 टक्के. दोन्हींची बेरीज करून अंतिम यादी. हे सगळ्या पोरांना पाठ असतं. त्यामुळेच एक चूक पक्की बसलेली आहे: 25 गुण पडले की मैदान पास, आता लेखीचा अभ्यास. जाहिरातीत त्याच्या पुढचं वाक्य असं होतं, की किमान गुण मिळवणाऱ्यांपैकी संबंधित प्रवर्गातल्या रिक्त पदांच्या 1:10 प्रमाणात उमेदवार लेखीला बोलावले जातील. म्हणजे 25 ही फक्त उंबरठ्याची उंची. आत किती जण घेणार ते तक्त्यातल्या आकड्याला दहानं गुणून कळतं. साठच्या घटकात भज-क चे दहा. अडतीसच्या घटकात पन्नास.

“आणि माझं मैदान छत्तीसच्या आसपास येतंय,” ती हळूच म्हणाली. गोळा तिचा कच्चा होता.

दहांच्या यादीत छत्तीस गुणांना जागा मिळणं अवघड. पन्नासांच्या यादीत आशा होती. इथं घटक ठरला.

उंचीची अट महिलांना 155 सेंटिमीटर. ती म्हणाली एकशे सत्तावन्न आहे, कोणी मोजली तर म्हणे बारावीला शाळेत. दुकानाच्या भिंतीला अनवाणी उभी करून, डोक्यावर फूटपट्टी आडवी धरून टेपनं मोजली. 155.8 भरली. बसत होती, पण सव्वा सेंटिमीटर कुठं गेला ते तिलाही सांगता येईना.

राहिल्या तारखा, आणि खरा घोळ तिथंच व्हायचा होता. अर्जाची शेवटची तारीख 31 मार्च. वयाचा दिनांक 31 मार्च, असा आकड्यात छापलेला. कागदपत्रांच्या परिच्छेदात मात्र तारीख नव्हती, तिथं शब्द होते: नॉन क्रिमीलेयर प्रमाणपत्र ‘अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकास वैध’ असावे. तिच्या प्रमाणपत्राच्या तळाशी वैधता लिहिलेली होती 31 मार्चपर्यंत, त्याच वर्षाची. म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत ते चालत होतं. नेमकं, काठावर.

काठावरचं प्रमाणपत्र मला आवडत नाही. मी तिला दुसऱ्याच दिवशी जतला पाठवली. तलाठ्याचा दाखला, तहसीलचा तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला, मग प्रांत कार्यालयाकडून नवीन नॉन क्रिमीलेयर. वडिलांना वाटलं, जुनं अजून चालतंय तर हेलपाटे कशाला. मीही खात्रीनं सांगू शकत नव्हतो की लागेलच.

28 मार्चला संकेतस्थळावर शुद्धिपत्रक आलं. अर्जाची मुदत 15 एप्रिलपर्यंत वाढली. दुकानात आनंदीआनंद, सर्व्हर दोन दिवस बसलेलाच होता. शुद्धिपत्रक अर्ध्या पानाचं होतं आणि बहुतेकांनी त्यातली तारीख तेवढी बघितली. माझ्या दृष्टीनं त्यातलं महत्त्वाचं वाक्य शेवटचं होतं: ‘जाहिरातीतील इतर अटी व शर्ती कायम राहतील.’

त्या वाक्याचे दोन परिणाम झाले आणि ते परस्परविरुद्ध होते. वयाचा दिनांक आकड्यात छापलेला होता, तो जागेवरच राहिला. पलूसकडचा एक मुलगा 5 एप्रिलला अठरा पूर्ण करणार होता. मुदत 15 पर्यंत गेल्यावर तो पेढे द्यायच्या बेतात होता, पण 31 मार्चला तो सतरा वर्षांचाच होता, त्याला भरता आला नाही. प्रमाणपत्राची अट मात्र तारखेला नव्हे, ‘अंतिम दिनांक’ या शब्दांना बांधलेली होती, आणि अंतिम दिनांकच पुढं सरकला होता. त्यामुळे 31 मार्चला संपणारं प्रमाणपत्र 15 एप्रिलला वैध नव्हतं. मुदतवाढीनं एकाचं काहीच बदललं नाही आणि दुसऱ्याचा कागद बाद झाला. तेव्हापासून मी जाहिरात हातात आली की आकड्यात लिहिलेल्या तारखांभोवती गोल करतो आणि ‘अंतिम दिनांक’, ‘जाहिरातीचा दिनांक’ असे शब्द येतात त्यांच्याखाली रेघ मारतो. शुद्धिपत्रक आलं की फक्त रेघांकडे बघायचं.

नवीन प्रमाणपत्र 8 एप्रिलला आलं. तोवर तिचा अर्ज मी सादर केला नव्हता, कारण फॉर्ममध्ये प्रमाणपत्राचा क्रमांक आणि दिनांक टाकावा लागतो आणि एकदा शुल्क भरून सादर केल्यावर त्यात दुरुस्ती करता येत नव्हती. थांबण्यात जोखीम होती. शेवटच्या दिवसांत शुल्काचं पान अडकतं, पैसे जातात आणि पावती येत नाही, हे मी दर वेळी बघतो. म्हणून 15 ची वाट न बघता 9 तारखेला पहाटे साडेपाचला दुकान उघडून फॉर्म भरला. सादर करण्याआधी तीन गोष्टी तिला मोठ्यानं वाचायला लावल्या: घटकाचं नाव, प्रवर्ग, आणि ‘महिला आरक्षणाचा लाभ हवा आहे का’ याच्यापुढचं ‘होय’. या शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ राहून गेलेल्या मुली मी बघितल्या आहेत. मुलगी आहे म्हणजे आपोआप धरतील असं त्यांना वाटलेलं असतं.

मैदानात तिला 36 पडले, स्वतः म्हणाली होती तितकेच. अडतीसच्या घटकात भज-क च्या लेखीच्या यादीत तिचं नाव आलं. शेवटच्या नावाला 33 गुण होते. साठच्या घटकाची यादीही मी कुतूहलानं उघडली. भज-क च्या दहा जणांत शेवटच्याला 42 होते.

लेखीत तिला 71 मिळाले. बेरीज 107. भज-क महिलांची दुसरी जागा 110 ला बंद झाली. प्रतीक्षा यादीत ती पहिली होती, पण वरच्या दोघीही हजर झाल्या. तेहतिशीला अजून अवकाश आहे. सध्या ती रोज संध्याकाळी गोळा फेकायला जाते.